कोयंडा, चार स्क्रू आणि एक पाटली

घटनास्थळ पंचनाम्याची प्रत आम्हाला मिळाली ती अडीच पानांची होती. हाताने लिहिलेली, कार्बनवर उमटलेली, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी तीन सह्या. परळच्या चाळीतली आईची खोली फुटली होती. आई शिमग्याला गावी गेली होती. कपाटातून दोन पाटल्या, मोहनमाळ, नथ आणि बारा हजार रुपये रोख गेले. फिर्याद मी दिली, कारण मुंबईत मीच होते. फिर्यादीची प्रत लगेच मिळते, ती कायद्याने फुकट द्यावीच लागते. पंचनाम्याची प्रत तशी आपोआप हातात पडत नाही. ती आम्ही अर्ज करून मागितली आणि तपास अधिकारी असलेल्या उपनिरीक्षक बाईंनी सही-शिक्का मारून दिली.

मी तो कागद वाचला तेव्हा मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. पोलिसी मराठी, सदर आणि नमूद, पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक. माझा मामा मुंबई पोलिसांतून हवालदार म्हणून निवृत्त झाला. नोकरीची बरीच वर्षं त्याने दुसऱ्यांच्या तोंडून ऐकून पंचनामे लिहिण्यात घालवली. तो बदलापूरहून आला, चष्मा लावला, आणि पहिली ओळ वाचायच्या आधी शेवटचं पान उलटून सह्या पाहिल्या.

"पंच कोण आहेत ते आधी बघ," तो म्हणाला. "कागद पुढे कोर्टात उभा करणारी माणसं तीच."

पंच आणि साक्षीदार यातला फरक मला तोवर नीट ठाऊक नव्हता. आमच्या शेजारच्या काकूंनी सकाळी सहाच्या सुमाराला दार उघडं पाहिलं आणि मला फोन केला. रात्री दहाला त्या गॅलरीतून गेल्या तेव्हा कुलूप जागेवर होतं, हेही त्यांनीच सांगितलं. त्यामुळे चोरी रात्रीची ठरली, आणि रात्रीच्या घरफोडीला कायद्यात दिवसाच्यापेक्षा जास्त शिक्षा आहे. पण काकूंचं नाव पंचनाम्यात पंच म्हणून नव्हतं, आणि ते नसणंच बरोबर होतं. काकू घटनेच्या साक्षीदार. त्यांना जे माहीत आहे ते त्यांच्या जबाबात येतं. पंच म्हणजे ज्याला घटनेबद्दल काहीच माहीत नाही, ज्याचा फिर्यादीशी आणि आरोपीशी संबंध नाही, आणि जो पोलिसांनी बोलावल्यावर फक्त समोर काय आहे ते पाहून सांगतो. माझा चुलतभाऊ त्याच मजल्यावर राहतो, तो सही करायला पुढे झाला होता. उपनिरीक्षक बाईंनी त्याला बाजूला केलं. तेव्हा तो जरा दुखावला, पण उद्या वकिलाने पहिलाच प्रश्न नात्याचा विचारला असता.

आमचे दोन पंच होते: तिसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त गिरणी कामगार आणि खालच्या पीठगिरणीचे मालक. दोघांचं नाव, वय, धंदा, पत्ता, फोन नंबर पहिल्या परिच्छेदात होता. मामाने पत्ते दोनदा वाचले. झडती घेताना त्याच परिसरातले किमान दोन तटस्थ, प्रतिष्ठित रहिवासी पंच असावेत असं कायदा सांगतो. तसे मिळत नसतील किंवा तयार नसतील तरच बाहेरचे. जागेच्या पंचनाम्यालाही पोलीस हीच पद्धत ठेवतात. पंचाचा पत्ता पोलीस ठाण्याच्या दारातल्या टपरीचा निघाला, आणि तोच माणूस इतर चार-पाच गुन्ह्यांतही पंच असला, तर त्याच्या साक्षीचं वजन पहिल्या दिवशीच कमी होतं. असा माणूस खोटंच बोलतो असं नाही, पण न्यायाधीशाला तो पोलिसांचा नेहमीचा पंच वाटतो. आमचे दोघेही चाळीतले, दोघेही पहिल्यांदाच पंच झालेले. गिरणीवाल्यांची सही हिंदीत होती. मामाने लगेच शेवटची ओळ शोधली. तिथे लिहिलं होतं की पंचनामा पंचांना वाचून दाखवला, पंच क्रमांक दोन यांना हिंदीत समजावून सांगितला, आणि तो बरोबर असल्याचं सांगून त्यांनी सही केली. ती ओळ नसती तर, मराठी न वाचणाऱ्या माणसाने मराठी कागदावर कशाच्या भरवशावर सही केली, हा प्रश्न उरला असता.

मग वेळ. पंचनामा सुरू झाला ११ वाजून ४० मिनिटांनी, संपला १२ वाजून ५५ मिनिटांनी. माझी फिर्याद नोंदली गेली १० वाजून ५० मिनिटांनी. मामाने दोन्ही कागद शेजारी ठेवून हे आकडे बोटाने दाखवले. पंचनाम्याच्या डोक्यावर गुन्हा रजिस्टर क्रमांक असतो. तो क्रमांक फिर्याद नोंदवल्यावरच मिळतो. पंचनाम्याची वेळ फिर्यादीच्या आधीची असेल आणि तरीही त्यावर क्रमांक असेल, तर एक तर क्रमांक नंतर घातला आहे किंवा वेळ चुकली आहे. दोन्हींचा खुलासा द्यावा लागतो. आमचा क्रम बरोबर होता. सव्वा तासाचा अवधीही त्या कामाला साजेसा होता. एक खोली, एक गॅलरी, एक कपाट. दहा मिनिटांत संपलेला पंचनामा असता तर मामाला शंका आली असती.

बोटांचे ठसे घेणारे पथक दुपारी दीडच्या सुमाराला आलं. पंचनाम्यात त्याचा उल्लेख नव्हता आणि माझ्या मनाला ते खटकलं. मामा म्हणाला, "१२.५५ ला संपलेल्या कागदात दीडची गोष्ट आली असती तर मी घाबरलो असतो." ठसेवाल्यांचा अहवाल वेगळा असतो. पंचनाम्यात जे आहे ते त्या सव्वा तासात, त्या दोन माणसांच्या डोळ्यांसमोर असलंच पाहिजे. पुढच्या-मागच्या गोष्टी त्यात घुसल्या की कागद जागेवर लिहिला नाही, नंतर बसून लिहिला, असा संशय येतो.

यानंतर मामाने लाल पेन्सिल घेतली आणि निरीक्षणाचा भाग वाचायला लागला. यात आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. तो प्रत्येक वाक्यापाशी थांबायचा आणि विचारायचा, "हे डोळ्यांना दिसलं, की कोणी सांगितलं?" दिसलेल्या वाक्याखाली सरळ रेघ, सांगितलेल्याखाली नागमोडी. चतुःसीमा, म्हणजे खोलीच्या चारही बाजूंना काय आहे, ती दिसलेली. दाराची रुंदी, चौकटीचं लाकूड, कोयंडा उपटून लोंबकळत असल्याचं वर्णन, कुलूप बंद अवस्थेत कोयंड्यातच अडकलेलं असल्याचं वर्णन, हे दिसलेलं. चौकटीवर जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर दाबाची ताजी खूण, रुंदी अडीच सेंटीमीटर, हेही दिसलेलं, आणि मामाच्या मते अख्ख्या कागदातली सर्वांत मोलाची ओळ. कारण पुढे कोणाकडे कटावणी सापडली तर तिच्या टोकाची रुंदी या आकड्याशी ताडून बघता येते. नुसतं 'चौकटीस खुणा आहेत' लिहिलं असतं तर ताडायला काही उरलं नसतं.

नागमोडी रेघ पहिल्यांदा पडली ती कपाटापाशी. कागदावर होतं: 'कपाटातील लॉकर चोरट्यांनी तोडून आतील दागिने चोरून नेले आहेत.' तोडताना कोणी पाहिलं नव्हतं. आणि दागिने नेले ही तर माझी फिर्याद. पंचांना रिकामा लॉकर दिसला, तिथे आधी काय होतं हे त्यांना कसं ठाऊक? पण खरी अडचण 'तोडून' या शब्दात होती. लॉकर तोडलेला नव्हताच. दार सताड उघडं होतं, चावी भोकात होती, पत्र्यावर ओरखडा नव्हता. आई ती चावी देव्हाऱ्याच्या खालच्या खणात, अंगाऱ्याच्या डबीत ठेवायची. चोराने ती शोधून काढली, नाही तर त्याला ती माहीत होती. डबी खाली पडलेली होती, तिचं झाकण वेगळं, अंगारा फरशीवर सांडलेला. ही डबीही पंचनाम्यात नव्हती.

लॉकर फोडला आणि लॉकर चावीने उघडला, यावरून तपासाची दिशा बदलते. चावीची जागा कोणाकोणाला माहीत होती हा प्रश्न पहिल्या कागदातून पडत नव्हता. शिवाय कपाट अजून आमच्याकडेच होतं. उद्या कोर्टात त्याचा धड लॉकर कोणी दाखवला असता तर पंचांना उलटतपासणीत 'तुम्ही नीट पाहिलंच नाही' हे ऐकावं लागलं असतं. एका वाक्यात पंच उघडे पडले की बाकीची खरी वाक्यंही संशयात येतात.

दुसरी विसंगती माझ्या लक्षात आली. पान दोनवर लिहिलं होतं: कोयंड्याचे तीन स्क्रू उंबरठ्याजवळ पडलेले, वाकलेले, चौथा चौकटीत अर्धवट अडकलेला. पान तीनवर जप्तीच्या यादीत: 'एक लोखंडी कोयंडा, त्यात बंद स्थितीत अडकलेले पितळी कुलूप, व चार स्क्रू.' तीन खाली, एक चौकटीत, मग यादीत चार आले कुठून? चौथा कोणी, कधी काढला, याचं एक अक्षर नव्हतं. स्क्रूसारख्या क्षुल्लक वस्तूसाठी एवढं का, असं मी विचारलं. मामाने हात हलवून सांगितलं की उलटतपासणीत अशाच वस्तू विचारतात. पाटली किती मोठी होती हे पंचाला आठवतं. स्क्रू किती होते, हे आठवत नाही. तो म्हणतो तीन, यादी म्हणते चार, आणि वकील म्हणतो की पाकीट नंतर उघडलं होतं.

जप्तीच्या यादीतलं बाकीचं मात्र चोख होतं. वस्तू खाकी कागदात गुंडाळून, दोऱ्याने बांधून, लाखेने सील केल्या, पंचांच्या आणि अधिकाऱ्यांच्या सहीचं कागदी लेबल आत-बाहेर लावलं, असं लिहिलं होतं. सील कोणत्या ठशाचं होतं त्याचा लाखेचा नमुना पंचनाम्याच्या समासात उमटवलेला होता. हा नमुना असला की पुढे प्रयोगशाळेत किंवा कोर्टात पाकीट उघडताना सील तेच आहे का हे ताडता येतं.

खाडाखोड एके ठिकाणी होती. गिरणीवाल्यांचं वय ४७ चं ५७ केलेलं. त्याच्या शेजारी दोन्ही पंचांच्या छोट्या सह्या होत्या. तेवढं पुरेसं असतं. ज्या खाडाखोडीशेजारी सही नाही, किंवा परिच्छेदांमध्ये कोरी जागा सोडून खाली सही घेतली आहे, तिथे थांबायचं. आमच्या कागदात शेवटच्या ओळीनंतर लगेच सह्या होत्या, मध्ये बोटभरही जागा नव्हती.

सही झालेला पंचनामा नंतर कोणी दुरुस्त करू शकत नाही. पोलीसही नाही, फिर्यादीही नाही. तसं केलं तर तो बनावट होतो. मी तपास अधिकाऱ्यांना लेखी अर्ज दिला. त्यात फक्त तीन गोष्टी: लॉकरची अवस्था, देव्हाऱ्याखालची डबी, आणि चौथा स्क्रू. आरोप नाही, सूचना नाही. मामाने मला दोन वाक्यं खोडायला लावली, ज्यात 'निष्काळजीपणा' होता. उपनिरीक्षक बाईंनी अर्ज घेतला, पोचीची सही दिली आणि मग मला वाटलं नव्हतं अशी एक गोष्ट केली. त्यांनी त्या दिवसाचं चित्रीकरण पाहिलं.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करावंच लागतं, आणि त्यात जप्त वस्तूंची यादी करणं व पंचांनी त्यावर सही करणं हेही आलं पाहिजे. ते चित्रीकरण मोबाइलवर झालेलं होतं. त्यात एक शिपाई चौकटीतला चौथा स्क्रू बोटांनी फिरवून काढतो आणि कागदावर ठेवतो हे स्पष्ट दिसत होतं. लिहिणाऱ्याने ते लिहिलं नव्हतं एवढंच. लॉकरमधली चावीही दिसत होती, आणि कॅमेरा फिरताना फरशीवरचा अंगाराही. बाईंनी दोन्ही पंचांना बोलावून त्यांचे जबाब घेतले, त्यात चौथ्या स्क्रूचा आणि लॉकरच्या चावीचा खुलासा आला. माझा पुरवणी जबाबही घेतला. मूळ पंचनामा जसाच्या तसा राहिला, आणि त्याच्या शेजारी हे कागद लागले. माझी खात्री आहे की हे त्या आठवड्यात झालं म्हणून झालं. वर्षभराने गिरणीवाल्यांना स्क्रू आठवला नसता.

पुरवणी जबाबात आणखी एक गोष्ट घालायची होती, आणि ती पंचनाम्यातून नव्हे, आईच्या ट्रंकेतून निघाली. फिर्यादीत मी आईच्या फोनवरून 'पाटल्या चार तोळ्यांच्या' असं सांगितलं होतं. ठाण्यात तोळा म्हणजे दहा ग्रॅम धरून ४० ग्रॅम लिहिलं गेलं. आजच्या सराफी बाजाराच्या हिशेबाने ते बरोबरच. पण पाटल्या आजीच्या लग्नातल्या, मेट्रिक वजनं यायच्या आधीच्या. गावाहून आल्यावर आईने त्यांची पिवळी पडलेली पावती काढली. तेव्हाचा तोळा ११.६६४ ग्रॅमचा. म्हणजे चार तोळे म्हणजे साडेसेहेचाळीस ग्रॅमच्या वर, आणि एक पाटली साधारण २३.३ ग्रॅम. मामाने पावती पाहिल्याबरोबर सांगितलं की ती जबाबाला जोड, आजच. चोरी सापडली आणि वजन वीस ग्रॅमऐवजी तेवीस निघालं, तर तो माल आमचा नाही असं म्हणायला जागा राहते. आईने आपल्या जबाबात आणखी एक सांगितलं: एका पाटलीच्या आतल्या बाजूला 'सरू' अशी अक्षरं कोरलेली आहेत. आजीचं माहेरचं नाव सरस्वती.

दुसरा पंचनामा आम्ही पाहिला तो बऱ्याच महिन्यांनी, दोषारोपपत्र दाखल झाल्यावर. आरोपी पकडला गेला होता, काही माल मिळाला होता, आणि तो परत मिळावा म्हणून आम्ही भोईवाडा कोर्टात अर्ज करायच्या तयारीत होतो. दोषारोपपत्राच्या कागदांच्या प्रती आरोपीला मिळतात. नव्या संहितेत पीडित व्यक्तीला वकील असेल तर तिलाही मिळतात. आमच्या वकीलबाईंनी त्या घेतल्या. मामा पुन्हा आला.

हा पंचनामा दोन भागांत होता. पहिला भाग पोलीस ठाण्यात: आरोपीने पंचांसमोर केलेलं निवेदन. दुसरा भाग त्याने दाखवलेल्या जागी झालेली जप्ती. मला वाटलं, त्याने चोरी कबूल केली आहे, संपलं. वकीलबाईंनी तो भ्रम लगेच दूर केला. पोलिसांसमोरची कबुली पुराव्यात धरली जात नाही. धरलं जातं ते फक्त एवढंच, की त्याच्या सांगण्यावरून नवी वस्तू सापडली, आणि ती सापडण्याशी थेट जोडलेले त्याचे शब्द. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम २७ मध्ये होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. 'मी परळच्या खोलीतून पाटल्या चोरल्या' हे गळतं. 'पाटली घरी तांदळाच्या डब्यात ठेवली आहे, ती काढून देतो' हे राहतं.

त्यामुळे इथे मामाने वेगळ्याच गोष्टी शोधल्या. निवेदन संपलं ३ वाजून ३० मिनिटांनी. त्याच दोन पंचांना घेऊन गाडी निघाली ३ वाजून ४० मिनिटांनी. गाडी कोणी सांगितलं म्हणून कुठे वळली, कुठे थांबली, पुढे कोण चालत होतं? कागदात होतं: आरोपीने सांगितल्याप्रमाणे गाडी थांबवली, आरोपी पुढे व आम्ही त्याच्या मागे, त्याने दार उघडून स्वतःच्या हाताने डबा काढून दिला. पोलिसांना जागा आधीच ठाऊक असली तर त्या सापडण्याला काही किंमत राहत नाही, म्हणून या चार शब्दांना एवढं महत्त्व. निवेदनाखाली आरोपीची सही होती, पंचांची होती, आणि झडतीच्या यादीची प्रत घरातल्या माणसाला दिल्याची पोचही.

मग मी वस्तूंची यादी वाचली आणि माझ्या पोटात गोळा आला. 'एक पिवळ्या धातूची पाटली.' सोन्याची नाही, पिवळ्या धातूची. आईला वाटलं की बदलून पितळेची ठेवली की काय. मामाने तिला शांत केलं. पंच सराफ नसतात. त्यांना पिवळा रंग दिसतो, सोनं दिसत नाही. म्हणून काळजीपूर्वक लिहिणारा लेखनिक नेहमी असंच लिहितो, आणि सोनं असल्याचं सांगायचं काम बोलावलेल्या सराफाच्या दाखल्यावर सोडतो. दाखला जोडलेला होता: बावीस कॅरेट, वजन २२.८५० ग्रॅम. आणि यादीत पुढे, कोणाच्याही सांगण्यावाचून पंचांनी पाहिलेलं: 'आतील बाजूस सरू अशी अक्षरे कोरलेली.' आईचा जबाब त्याच्या कित्येक महिने आधीचा होता. आधी तिने सांगितलं, नंतर तिसऱ्याच माणसांनी ते पाहिलं. हा क्रम उलटा असता, म्हणजे पाटली दाखवल्यावर तिने अक्षरं सांगितली असती, तर त्याला निम्मंही वजन आलं नसतं. आणि २२.८५० हा आकडा, इतक्या वर्षांची झीज धरून, जुन्या दोन तोळ्यांशी बसत होता. वीस ग्रॅमशी मुळीच बसला नसता.

त्याच कागदात दुसरी वस्तू होती: पिवळ्या धातूची एक लगड, ३६.२१० ग्रॅम, काळबादेवीच्या गल्लीत सोनं आटवून देणाऱ्याच्या दुकानातून. दुसरी पाटली आणि मोहनमाळ वितळली होती. आई त्या ओळीवर बराच वेळ बोट ठेवून बसली. नथ कुठेच नव्हती. ती यादीत नाही म्हणजे सापडली नाही.

लगडीला चेहरा नसतो. तिच्यावर अक्षर नाही, घडण नाही. ती आमच्या पाटलीची आहे हे पंचनाम्यातून फक्त अप्रत्यक्षपणे दिसतं, आणि म्हणून मामाने या भागात दुकानदाराच्या नोंदवहीचा उल्लेख शोधला. वही जप्त केली होती, पण पंचनाम्यात एवढंच होतं, 'एक नोंदवही.' किती पानांची, कोणत्या पानावर कोणती नोंद, त्या पानावर पंचांची सही आहे का, काही नाही. सुदैवाने दुकानदाराच्या जबाबात तारीख आणि आलेल्या जिनसांचं वजन, ३७.४ ग्रॅम, लिहिलेलं होतं. मोहनमाळेतला दोरा आणि डाक गेल्यावर सव्वाछत्तीस ग्रॅमची लगड पडणं पटण्यासारखं आहे. पण वहीचं ते पान पंचनाम्यात पकडलेलं नसल्याने, ती नोंद जप्तीच्या दिवशी वहीत होतीच, हे आता फक्त दुकानदाराच्या तोंडून येणार. तो साक्षीला उभा राहिला आणि फिरला, तर आमच्याकडे काय उरतं? वकीलबाईंनी जप्तीच्या चित्रीकरणाची प्रत मागणारा अर्ज दिला आहे, पान उघडून कॅमेऱ्यासमोर धरलं असेल तर ते त्यात दिसेल.

मुद्देमाल परत मिळण्याच्या अर्जात वकीलबाईंनी सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालाचा आधार घेतला. जप्त दागिने खटला संपेपर्यंत ठाण्यात पडू देऊ नयेत. तपशीलवार पंचनामा करावा, फोटो काढावेत, बंधपत्र घ्यावं आणि हक्कदाराला परत द्यावेत, असं त्यात आहे. पाटलीबद्दल कोणाची हरकत आली नाही. आईचा जबाब, पावती, पंचनाम्यातली अक्षरं आणि सराफाचा दाखला हे चार कागद एकत्र लावले होते. हुकूम झाला. देण्याआधी ठाण्यात पुन्हा पंच बोलावले, सील शाबूत असल्याचं दाखवून पाकीट उघडलं, पाटली पुन्हा तोलली. काटा २२.८५० वरच आला. बाहेरून, आतून आणि अक्षरांचा असे फोटो काढले, फोटोंच्या मागे पंचांनी आणि आईने सही केली. त्याचाही पंचनामा झाला. सही करण्यापूर्वी आईने तो शेवटपर्यंत वाचला, आणि 'सरू' च्या जागी 'सरु' पडलं होतं ते तिथेच दुरुस्त करून घेऊन पंचांच्या छोट्या सह्या शेजारी घेतल्या.

बंधपत्रानुसार खटला संपेपर्यंत पाटली विकायची नाही, मोडायची नाही, पॉलिशलाही द्यायची नाही, आणि कोर्ट म्हणेल तेव्हा हजर करायची. लगडीवर मात्र आरोपीच्या वकिलाने हरकत घेतली आहे, की ती कोणाच्याही सोन्याची असू शकते. त्यावरची सुनावणी अजून व्हायची आहे. चित्रीकरणाची प्रत त्याआधी मिळावी असा आमचा प्रयत्न आहे, आणि मामाने वकीलबाईंना सांगून ठेवलं आहे की ती आली की पहिल्यांदा नोंदवहीचं पान शोधायचं, आणि मग त्यावर पंचांनी सही करतानाचं दृश्य आहे का ते पाहायचं.